जांगड मालाचा ३१ मार्च

येवल्यातल्या एका पैठणीच्या व्यापाऱ्याने २० मार्चला दादरच्या दुकानदाराकडे ३० पैठण्या जांगड पाठवल्या, असे समजू. जांगड म्हणजे पसंतीवर. आवडतील त्या ठेवायच्या, नकोत त्या परत करायच्या. मुदत १० एप्रिलपर्यंतची. व्यापाऱ्याला एक पैठणी ८,००० रुपयांना पडली आहे आणि दुकानदाराला तो ती १०,००० रुपयांना देणार आहे. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. ३१ मार्चपर्यंत दुकानदाराने १४ ठेवल्याचे कळवले, ६ परत पाठवल्या आणि उरलेल्या १० बद्दल अजून काही सांगितलेले नाही. वर्षाचा हिशेब मात्र आजच मिटवायचा आहे. मग या ३० पैठण्यांपैकी विकल्या गेल्या किती?

माल दुकानदाराच्या कपाटात आहे म्हणून तो विकला गेला असे होत नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम २४ याबाबत स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाने पसंती कळवली, किंवा माल आपलासा केल्याचे दाखवणारी एखादी कृती केली, की मालकी त्याच्याकडे जाते. दुकानदाराने त्यातली पैठणी पुढे कुणाला विकली तर तीही अशीच कृती. वेगळे पत्र लागत नाही. तिसरी वाट गप्प राहण्याची. नापसंती न कळवता माल ठेवून घेतला आणि ठरलेली मुदत उलटली, तर विक्री झाली. मुदत ठरलेलीच नसेल तर वाजवी काळ धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावरून भांडणे होतात. आपल्या उदाहरणात मुदत १० एप्रिलची असल्यामुळे त्या १० पैठण्या ३१ मार्चला व्यापाऱ्याच्याच आहेत. तीच मुदत २५ मार्चची असती, तर दुकानदाराच्या मौनानेच त्या विकल्या गेल्या असत्या.

घोळ होतो तो वहीत. माल निघाला त्याच दिवशी अनेक जण पूर्ण ३ लाखांची विक्री लिहून मोकळे होतात आणि दुकानदाराच्या नावे तेवढे येणे दाखवतात. वर्षअखेरीला त्यातून परत आलेल्या सहांचे ६०,००० वजा करायचे, हे बहुतेकांच्या लक्षात येते, कारण गठ्ठा दारात येऊन पडलेला असतो. निर्णय न झालेल्या दहांचे १ लाख मात्र तसेच राहतात. तेही विक्रीतून आणि येण्यातून काढले पाहिजेत. मग खरी विक्री उरते १,४०,००० रुपयांची.

एवढ्यावर काम अर्धेच होते. त्या दहा पैठण्या आपल्या असतील, तर अखेरच्या शिल्लक मालात त्या दिसायला हव्यात, आणि त्याही खरेदीच्या भावाने, म्हणजे ८०,००० रुपयांना. (बाजारात भाव त्याखाली घसरला असेल तर त्या कमी भावाने.) चौदा पैठण्यांवर प्रत्येकी २,००० याप्रमाणे खरा नफा २८,००० येतो. दहा पैठण्या विक्रीतच राहू दिल्या तर तो ४८,००० दिसतो. न कमावलेल्या २०,००० वर कर भरला जातो. विक्रीतून काढल्या पण शिल्लक मालात धरायला विसरलो, तर त्याच व्यवहारात ५२,०००चा तोटा दिसतो. आणि विक्रीच्या भावाने, १ लाखाला, शिल्लक धरल्या तर पुन्हा ४८,०००! विक्री बरोबर असूनही नफा चुकतो. ही शेवटची चूक मला सर्वांत फसवी वाटते, कारण विक्रीचे खाते तपासून ती सापडत नाही.

परतीच्या सहांकडेही नीट पाहायला हवे. दुकानदाराने त्या ३० मार्चला पार्सल केल्या आणि येवल्याला पोचल्या २ एप्रिलला, तर ३१ तारखेच्या गोदामातल्या मोजणीत त्या येत नाहीत. वहीत परत लिहिल्या, मोजणीत नाहीत, तर ४८,०००चा माल हिशेबातून नाहीसा होतो. म्हणून वाटेतला माल आणि गिऱ्हाइकाकडचा माल यांची यादी मोजणीच्या कागदाला वेगळी जोडावी. दुकानदारानेही त्या दहा पैठण्या स्वतःच्या साठ्यात धरू नयेत, नाहीतर एकच माल दोन वह्यांत मोजला जातो.

निर्णय कायमचा लांबवता येत नाही. जीएसटी कायद्यानुसार जांगड माल बिलाऐवजी डिलिव्हरी चलनावर जातो. विक्री पक्की होताच बिल करावे लागते, आणि काहीच ठरले नाही तरी माल निघाल्यापासून सहा महिन्यांत ते करावेच लागते.

जांगड माल पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. चलनावर परतीची शेवटची तारीख लिहावी, आणि ३१ मार्चला गिऱ्हाइकाकडून ठेवलेला, परत पाठवलेला आणि न ठरलेला माल किती, हे लेखी घ्यावे. लेखापरीक्षक सर्वांत आधी हाच कागद मागतो.