वादपत्र उंबरठ्यावरच का अडते?

माहुल गावठाणातले एक कल्पित घर घेऊ. मामाने 2023 साली भाच्यावर मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात दावा लावला. वादपत्रात म्हणणे असे : 2012 मध्ये भाच्याने कर्जाचे कागद सांगून सह्या घेतल्या, ते खरेदीखत होते हे मिळकत पत्रिकेचा उतारा काढल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये कळले, म्हणून खरेदीखत रद्द करा. भाच्याने लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली अर्ज दिला आणि मामाचेच 2015 चे पत्र जोडले. त्यात मामा विक्रीचे उरलेले पैसे मागतो आहे.

गैरसमज : एवढा पुरावा पुढे आल्यावर वादपत्र फेटाळले जाणारच.

नाही. या टप्प्यावर न्यायाधीश फक्त वादपत्र आणि वादीने त्यासोबत जोडलेले, ज्यांवर त्याचा दावा उभा आहे ते कागद वाचतात. त्यातले प्रत्येक विधान खरे धरायचे आणि मग विचारायचे : एवढे सगळे खरे असले, तरी कायद्याने काही मागता येते का? सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की यासाठी प्रतिवादीची कैफियत पाहायची नाही. साहजिकच तिची वाटही पाहावी लागत नाही. भाच्याचे पत्र म्हणजे त्याचा बचाव. ते उलटतपासणीत मामाची चांगलीच अडचण करील, पण आज ते मिटलेले राहील.

खरेदीखत रद्द करून घ्यायची मुदत तीन वर्षे. ती सहीच्या तारखेपासून नव्हे, तर खत रद्द करण्याचा हक्क देणारी हकीकत प्रथम कळली तेव्हापासून मोजतात. मामाच्या वादपत्रात ती तारीख 2023 ची आहे, म्हणून मुदतीचा मुद्दा पुराव्यावर जातो.

गैरसमज : मग वादपत्रात अलीकडची तारीख घातली की काम झाले.

वकिलांच्या दालनात हे हमखास ऐकू येते. सुरतेच्या दहीबेन खटल्यात नेमके तेच फसले. 2 जुलै 2009 चे नोंदणीकृत खरेदीखत, किंमत 1 कोटी 74 लाख 2 हजार, दावा 15 डिसेंबर 2014 रोजी. वादींचे म्हणणे, 36 धनादेशांपैकी सहाच खरे निघाले, मिळाले ते फक्त 40 हजार. पण खतावर सह्या त्यांच्याच होत्या आणि पैसे आले नाहीत हे त्यांना तेव्हाच ठाऊक असणार, हे वादपत्रातूनच दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये वादपत्र फेटाळल्याचा निर्णय कायम केला. किंमत बाकी राहिली तर वसुलीचा दावा करता येतो. तेवढ्यावरून खरेदीखत रद्द होत नाही, असेही सांगितले. वकिली शब्दरचनेने दाव्याचे कारण असल्याचा नुसता भास उभा केला असेल, तर न्यायाधीशांनी तो ओळखायचा असतो.

गैरसमज : हा वाद आधीच निकालात निघालाय, हे दाखवले की दावा दारातच संपतो.

बेळगावच्या एका मिळकतीच्या दाव्यात असाच अर्ज झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2021 रोजी तो नाकारणेच योग्य ठरवले. आधीच्या दाव्यात कोणते मुद्दे होते, ते कोणावर बंधनकारक ठरले, हे त्या दाव्याची वादपत्रे, मुद्दे आणि निकाल ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही आणि एवढे कागद उघडणे हे नियम 11 च्या मर्यादेबाहेरचे काम आहे. हा आक्षेप मरत नाही, फक्त पुढे घ्यावा लागतो.

गैरसमज : एका प्रतिवादीपुरते वादपत्र फेटाळून घेता येते.

मुंबईत सदनिका घेणाऱ्यांनी बिल्डर आणि त्याला कर्ज देणारी बँक, दोघांवर दावे केले होते. कर्जवसुलीच्या विशेष कायद्याने दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला आहे, असे सांगून बँकेने स्वतःपुरती सुटका मागितली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती दिली, पण 2019 मध्ये माधव प्रसाद अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली : वादपत्र फेटाळायचे तर सगळे, नाहीतर नाही. बँकेने नको असलेला मजकूर वगळण्याची मागणी करावी किंवा अधिकाराचा मुद्दा दाव्यात घ्यावा.

गैरसमज : फेटाळले म्हणजे कायमचे संपले.

नियम 13 नुसार त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करता येते. सदोष मांडणीमुळे दाव्याचे कारणच दिसत नव्हते, तर ते नीट मांडता येते. मुदत मात्र थांबत नाही आणि मुदतबाह्य दावा नव्याने लिहून मुदतीत येत नाही. फेटाळण्याचा आदेश हुकूमनामा मानला जातो, म्हणून मामा अपील करू शकतो. अर्जच नामंजूर झाला तर भाच्याला अपील नाही. त्याला उच्च न्यायालयात पुनरीक्षण मागावे लागते किंवा कैफियत देऊन साक्षीपुराव्याला उभे राहावे लागते.