पक्का आकडा नेमका कुठे संपतो?

महिना संपायला दोन-तीन दिवस उरले की भोसरीतल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत मेल पुन्हापुन्हा उघडून बघितली जाते. चाकणच्या गाडी कारखान्याकडून ‘शेड्यूल’ यायचं असतं. वर्षाच्या सुरुवातीला मिळालेल्या ओपन पीओमध्ये मालाचा भाव असतो, पेमेंटच्या अटी असतात, पण किती नग हवेत हे नसतं. ते दर महिन्याला या शेड्यूलमधून कळतं. एक्सेलची साधी फाइल. डावीकडे पार्ट नंबर आणि पुढे महिन्यांचे तीन-चार रकाने. पहिल्या रकान्यावर ‘फर्म’ असं लिहिलेलं असतं, पुढच्या सगळ्यांवर ‘टेंटेटिव्ह’.

पहिल्या रकान्यातला माल घ्यायला खरेदीदार बांधील असतो. पुढचे आकडे अंदाजाचे, बदलू शकणारे. दर महिन्याला एक महिना मागे पडतो, शेवटी एक नवा जोडला जातो आणि मधले आकडे सुधारले जातात. जपानी मोटार कंपन्यांनी ही पद्धत चांगली रुळवली. टोयोटा आपल्या पुरवठादारांना पुढच्या तीन महिन्यांचं चित्र देते. त्यातला जवळचा महिना पक्का, उरलेले दोन कच्चे. आपल्याकडच्या वाहन उद्योगातही हाच साचा दिसतो.

कागदावर हे अगदी सरळ वाटतं. गोम आहे ती पक्क्या आणि कच्च्या आकड्यांमधली रेघ कुठे ओढली आहे यात. बहुतेक शेड्यूलांत ती कॅलेंडर बघून ओढलेली असते, माल तयार व्हायला किती दिवस लागतात ते बघून नव्हे.

नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. समजा, भोसरीचा एक कारखाना छोट्या टेम्पोच्या चाकाचं हब पुरवतो. त्याचं कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं. फाउंड्रीत साचा लावायची पाळी, ओतकाम, फेटलिंग, तपासणी आणि ट्रकचा प्रवास धरून चोवीस दिवस लागतात. भोसरीत मशीनिंग, बेअरिंग बसवणं आणि अंतिम तपासणी यांत आणखी सहा. म्हणजे आज कास्टिंगची ऑर्डर दिली तर तिसाव्या दिवशी हब चाकणच्या गेटवर. बेअरिंग मात्र परदेशातून जहाजाने येतं, त्याला नव्वद दिवस.

२८ जूनला शेड्यूल आलं : जुलै ४,००० फर्म, ऑगस्ट ४,६०० आणि सप्टेंबर ५,२०० टेंटेटिव्ह. त्या दिवशी पुढचे तेहेतीस दिवस पक्के दिसतात, म्हणजे तीस दिवसांची गरज भागली असं वाटतं. पण शेड्यूल पुन्हा येणार २८ जुलैला. दिवस जातील तशी ही पक्की खिडकी आखडत जाते. १५ जुलैला ती सोळा दिवसांची उरते आणि २५ जुलैला अवघ्या सहा. १ ऑगस्टला द्यायच्या हबचं कास्टिंग २ जुलैलाच सांगावं लागतं, २० ऑगस्टच्या मालाचं २१ जुलैला. ऑगस्टचा पक्का आकडा हातात पडेपर्यंत ऑगस्टच्या जवळजवळ सगळ्या मालाची ऑर्डर कोल्हापूरला गेलेली असते आणि ती कच्च्या आकड्यावरच दिलेली असते. बेअरिंगचं तर विचारायलाच नको. ती मे महिन्यातच मागवली होती.

आता २८ जुलैला ऑगस्टचा आकडा ४,६०० वरून ३,६०० झाला तर? हजार हबांचं लोखंड आणि बेअरिंग भोसरीच्या पैशातून आलेलं आहे. शेड्यूलच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते : टेंटेटिव्ह आकडे फक्त नियोजनासाठी, त्यांची जबाबदारी आमच्यावर नाही. उलट, आकडा वाढून ५,२०० झाला आणि माल कमी पडला तर लाइन अडल्याबद्दल डेबिट नोट भोसरीच्याच नावावर. बरीचशी भांडणं या एका ओळीपाशी सुरू होतात.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. जर्मन मोटार उद्योगातल्या मागणीपत्रकांत दोनाऐवजी तीन पट्टे असतात. सगळ्यांत जवळचा पट्टा उत्पादनाच्या परवानगीचा. त्यात तयार मालाचे पैसे खरेदीदाराच्या डोक्यावर. त्याच्यापुढचा पट्टा कच्च्या मालाच्या परवानगीचा. त्यात आणलेल्या सामानाची जबाबदारी खरेदीदार घेतो, मजुरीची घेत नाही. त्यापलीकडे निव्वळ अंदाज, त्यावरून पुरवठादाराने मशीन आणि माणसांचा विचार करावा, पैसा गुंतवू नये.

हबच्या उदाहरणात हे बसवायचं तर शेड्यूल महिन्याऐवजी आठवड्याला काढावं लागेल. दर शुक्रवारी नवी फाइल. पुढचे पाच आठवडे पक्के, सहा ते तेरा आठवडे फक्त बेअरिंगपुरते बांधील, त्यानंतर कच्चे. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. पुढच्या शुक्रवारी खिडकी पुन्हा पस्तीसची होते, मधल्या काळात अठ्ठावीसच्या खाली जात नाही. तीस दिवसांच्या कामाला दोन दिवस कमी पडतात, ते कास्टिंगच्या थोड्या साठ्यावर निभावतात. शेड्यूल ‘रोलिंग’ म्हणायचं आणि ते महिन्यातून एकदाच हलवायचं, यात अर्थ नाही.

मधल्या पट्ट्यासाठी हालचालीची मर्यादाही ठरवावी लागते. समजा, ती पंधरा टक्के ठेवली. एखाद्या आठवड्याला १,००० नग दाखवले असतील, तर तो आठवडा पक्क्या पट्ट्यात शिरताना आकडा ८५० ते १,१५० च्या आतच राहिला पाहिजे. तो ७८० झाला, तर ८५० पर्यंतच्या सत्तर नगांची बेअरिंग खरेदीदाराने पुढच्या आठवड्यांत उचलायची किंवा त्यांचे पैसे द्यायचे. वरच्या बाजूची जबाबदारी पुरवठादाराची : १,१५० मागितले तर द्यायलाच हवेत, म्हणजे दीडशे जादा बेअरिंगचा साठा ठेवणं आलं. तो साठा फुकट होत नाही. त्याचा खर्च भावात धरलेला बरा. नाहीतर पुरवठादार तो ठेवत नाही आणि मर्यादा कागदावरच राहते. अर्थात बेअरिंग बाजारात कुठेही खपणाऱ्या मापाचं असेल, तर एवढा खटाटोप करायची गरज नाही. ही कलमं लागतात ती फक्त त्या एका गिऱ्हाइकालाच चालणाऱ्या मालासाठी.

पक्क्या आकड्यातही एक जुना घोळ असतो. जुलैच्या ४,००० पैकी काही नग राहिले. मग ऑगस्टच्या नव्या आकड्यात ते धरले आहेत की नाहीत? याचं उत्तर महिन्याच्या आकड्यात मिळत नाही, एकूण बेरजेत मिळतं. १ एप्रिलपासून ३१ जुलैपर्यंत मागणी १५,४०० नगांची. चाकणच्या दफ्तरी जमा १५,१००, म्हणून त्यांच्या लेखी तूट तीनशेची. भोसरीच्या दफ्तरी रवाना झालेले १५,२५०, म्हणून त्यांच्या लेखी दीडशेची. दोघंही खरं बोलताहेत. दीडशे नग वाटेतल्या टेम्पोत आहेत. शेड्यूलवर ‘शेवटचं मिळालेलं इन्व्हॉइस अमुक नंबरचं’ एवढं छापलेलं असलं, की त्यानंतरची इन्व्हॉइस मोजून प्रश्न फोन न करता सुटतो. ही नोंद नसली तर तेच दीडशे नग पुन्हा मागितले जातात आणि ‘अर्जंट’ म्हणून वेगळ्या गाडीने जातात.

कच्च्या आकड्यांचा आजार वेगळा असतो. माल कमी पडला तर खरेदी खात्याचा माणूस बोलणी खातो, जास्त झाला तर पुरवठादाराच्या गोदामात पडून राहतो. त्यामुळे आकडा फुगवून सांगण्यात खरेदीदाराचं तूर्तास तरी काही जात नाही. पुरवठादार दोन-चार वेळा फसतो आणि मग मनातल्या मनात वीस टक्के कापायला शिकतो. सेमिकंडक्टर बनवण्याच्या यंत्रांच्या व्यवहारावर कोहेन, हो, रेन आणि टरविश यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. त्यात हेच दिसलं : कच्ची ऑर्डर आली तरी पुरवठादार काम लवकर सुरू करत नाही, ती पक्की होण्याची वाट बघतो. त्यांचाच २००५ चा अभ्यास सांगतो की वारंवार आकडे बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढे माल उशिरा मिळतो.

फुगवटा ओळखायचा तर जुन्या फायली पुसून टाकायच्या नाहीत. प्रत्येक महिन्याचा आकडा दोन महिने आधी किती होता, एक महिना आधी किती होता आणि शेवटी किती ठरला, हे शेजारी शेजारी लिहायचं. दोन महिने आधीचा आकडा दर वेळी पंधरा-वीस टक्के जास्तच निघत असेल, तर तो फुगवलेला आहे आणि तेवढा कापून चालता येतं. कधी वर, कधी खाली जात असेल, तर खरेदीदारालाच बाजार कळत नाही. तिथे कापून उपयोग नाही, साठाच ठेवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी हा तक्ता करत नाहीत, कारण नवी फाइल जुन्या फायलीवरच सेव्ह केली जाते.

पट्टे कितीही नीट आखले तरी काही धक्के त्यांत मावत नाहीत. २०२० च्या सुरुवातीला टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी चिपची मागणी कापली. चिप तयार व्हायला तीन महिन्यांहून अधिक लागतात. त्या वर्षाच्या अखेरीस गाड्यांची मागणी परत आली, तोपर्यंत चिप कारखान्यांनी आपली क्षमता लॅपटॉप आणि इतर उपकरणांना देऊन टाकली होती. कच्चा आकडा पुरवठादाराच्या यंत्रावर जागा राखून ठेवत नाही, हे तेव्हा वाहन उद्योगाला कळलं. पुढे अनेक चिप उत्पादकांनी रद्द न करता येणाऱ्या, लांब मुदतीच्या ऑर्डर मागायला सुरुवात केली.

मॉडेल बंद होताना तर टक्केवारीच्या मर्यादेला अर्थच उरत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्या विकायच्या नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं. अशा गाडीच्या खास भागाला पुढचा महिनाच नसतो, म्हणून उरलेले सत्तर नग ‘नंतर उचलतो’ असं म्हणता येत नाही. तिथे शेवटच्या ऑर्डरची तारीख आणि उरलेल्या मालाचा भाव शेड्यूलबाहेर, लेखी ठरवावा लागतो.

आणि हे सगळं चाकण-भोसरीपुरतंच थांबलं तर कोल्हापूरची फाउंड्री अंधारातच राहते. तिला बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर एकच आकडा जातो, पक्का आणि कच्चा मिसळलेला, आणि ती तो सगळाच पक्का समजून ओतते. भोसरीने स्वतःचं वेगळं शेड्यूल काढायचं तर गणित असं : आठवड्याची पक्की गरज १,००० हबांची, हाताशी कास्टिंग २४०, उरले ७६०. ओतकामात आणि मशीनिंगमध्ये मिळून चार टक्के नग बाद होत असतील तर ७६० ला ०.९६ ने भागायचं. फाउंड्रीला ७९२ चा पक्का आकडा जातो. पुढच्या आठवड्यांचे आकडे वेगळ्या रकान्यात, ‘ओतू नका, फक्त साच्याची पाळी धरा’ अशा शेऱ्यासह.