डोळे एका रेषेत

आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या संकेतस्थळावर सभासदांचं पान करायचं ठरलं आणि चौतीस जणांचे चेहरे पार्श्वभूमीतून कापून, पारदर्शक करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी हौशीने कामाला लागलो. आठवडाभर बसून सगळे फोटो कापले, सारख्या चौकटीत बसवले. पान उघडलं तर काहीतरी खटकत होतं. चौकटी सारख्या होत्या, पण कुणाचं डोकं त्यात मावत नव्हतं, तर कुणाचं लिंबाएवढं दिसत होतं. कापण्यात फारशी चूक नव्हती. चूक मोजण्यात होती.

मी प्रत्येकाच्या डोक्याचं टोक चौकटीच्या वरच्या कडेपासून सारख्या अंतरावर ठेवलं होतं. पण डोक्याचं टोक हे भरवशाचं माप नाही. कुणाचा उंच अंबाडा, कुणाला टक्कल, कुणाच्या डोक्यावर टोपी. केस बदलतात, पण डोळे आणि हनुवटी यांच्यातलं अंतर केसांवर अवलंबून नसतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी दोनच मापं धरली. सगळ्यांचे डोळे एका उंचीवर, आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर सगळ्यांचं सारखं.

आकडे असे ठरवले. चौकट ८०० बाय ८०० पिक्सेलची. डोळ्यांची रेषा वरून ३४० वर, हनुवटी ५४० वर, म्हणजे मधलं अंतर २००. नाकाची मध्यरेषा डावीकडून ४०० वर. माणसाचे डोळे साधारण डोक्याच्या मध्यावर असतात. त्यामुळे टाळू १४० च्या आसपास येते आणि वर अंबाड्याला किंवा टोपीला जागा उरते. खांदे खालच्या कडेला जाऊन भिडतात. ते भिडलेच पाहिजेत. एका पिक्सेलची फट राहिली तरी माणूस पानावर तरंगतोय असं वाटतं.

एक उदाहरण करून दाखवतो. मी GIMP हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात फोटोवर माउस फिरवला की खालच्या पट्टीत त्या जागेचे आकडे दिसतात. आमच्या एका काकांचा फोटो ३००० बाय ४००० चा होता. त्यात डोळे वरून १२१० वर आणि हनुवटी १६९० वर. अंतर ४८०. मला हवंय २००. दोनशेला चारशेऐंशीने भागलं की साधारण ०.४१७ येतं. म्हणजे Scale Layer मध्ये फोटो १२५० बाय १६६७ करायचा. आता डोळे थराच्या वरच्या कडेपासून ५०४ वर आले, ते चौकटीत ३४० वर हवेत, म्हणून थराची वरची कड चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा १६४ पिक्सेल वर न्यायची. आडवं सरकवणंही असंच, नाकाच्या रेषेवरून. Image मेनूतल्या Guides मधून ३४०, ५४० आणि उभी ४०० अशा तीन रेषा एकदा आखून ठेवल्या की पुढच्या फोटोंत नुसतं बसवायचं उरतं. दाट दाढी असेल तर हनुवटी अंदाजाने धरावी लागते, तिथे शेवटचा निकाल नजरेचा. मूळ फोटोत हे अंतर २०० पेक्षा कमी भरलं, तर तो फोटो मोठा करत बसू नका. चेहरा धुरकट होतो. नवा मागवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवणार असतील तर Document म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो आक्रसून येतो.

खरं तर निम्मं काम फोटो काढतानाच होतं. पहिल्या वेळी आम्ही पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं होतं. पिकलेले केस, गांधी टोपी, गजरा, सगळं त्या भिंतीत विरघळून गेलं. कापायला कडाच सापडेना. दुसऱ्या वेळी मध्यम करड्या रंगाची चादर टांगली. तिच्यापुढे काळे केसही उठून दिसतात आणि पांढरेही. हिरवा पडदा टाळा, त्याची झाक गालांवर आणि केसांच्या कडांवर उतरते. माणूस चादरीपासून पाचेक फूट पुढे, फोटो काढणारा त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि दुप्पट झूमवर. फोन जवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पार्श्वभूमी धूसर करताना केसांच्या बटा आणि चष्म्याच्या काड्याही पुसून टाकतो.

त्या करड्या चादरीचा आणखी एक उपयोग मला उशिरा कळला. सकाळचा फोटो निळसर, संध्याकाळचा पिवळट येतो. Levels मध्ये करडा बिंदू निवडायचं पिपेट असतं. ते चादरीवर टेकवलं की रंग जागेवर येतो आणि सगळ्या फोटोंचा रंग जुळतो. मात्र हे कापण्याआधी करायचं. चादर कापून टाकल्यावर रंग कशावरून जुळवणार? परगावचे सभासद स्वतः फोटो काढणार असतील, तर एका फोटोत त्यांना छातीशी कोरा कागद धरायला सांगा आणि पिपेट त्यावर टेकवा. कागद उजेडाने पार पांढराफटक झालेला नसावा, एवढंच.

आता कापणं. खोडरबर वापरू नका, थराला मास्क लावा. Foreground Select ने माणसाभोवती ढोबळ रेघ मारायची, Enter दाबायचं, मग अंगावरून ब्रश फिरवायचा. निवड झाली की Add Layer Mask मध्ये Selection निवडायचं. मास्कवर काळं म्हणजे लपलेलं, पांढरं म्हणजे दिसणारं आणि करडं म्हणजे अर्धवट पारदर्शक. चूक झाली तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येते. केसांची कड मऊ ब्रशने करड्यातच ठेवायची. कुरळ्या केसांची प्रत्येक बट वाचवायचा हट्ट नको, पानावरच्या आकारात ती दिसतही नाही. विसरतात त्या जागा वेगळ्याच असतात. चष्म्याची काडी आणि गाल यांच्यामधली फट, झुमक्याचं भोक, मान आणि मोकळे केस यांच्यामधला त्रिकोण. तिथे चादर शिल्लक राहिली की लगेच नजरेत भरते.

तपासायला खाली दोन थर ठेवा, एक गडद लाल आणि एक पांढरा. आळीपाळीने दाखवा. लालावर केसांभोवती फिकट किनार दिसली, तर कडेच्या पिक्सेलमध्ये चादरीचा रंग मिसळलेला आहे. खांद्याच्या कडेला मास्क एका पिक्सेलने आत घेतला की ती जाते. केसांना तसं केलं तर कात्रीने कापल्यासारखे दिसतात. तिथे थराची प्रत करून मास्क त्यात पक्का करा, थराचं Lock alpha चालू करा आणि जवळच्या केसांचा रंग उचलून किनारीवरून मऊ ब्रश फिरवा. पारदर्शकता तशीच राहते, फक्त रंग बदलतो.

शेवटी फाइल PNG किंवा WebP मध्ये काढा. JPEG मध्ये पारदर्शकता राहतच नाही. GIF मध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, त्यामुळे कडा पायऱ्यांसारख्या होतात. PNG मध्ये पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असतात. WebP ची फाइल बरीच लहान होते, आणि चौतीस चेहरे एका पानावर येतात तेव्हा मोबाइलवर तो फरक जाणवतो.

मास्कसकट .xcf फाइल जपून ठेवा आणि तिच्याजवळ ८००, ३४०, ५४०, ४०० हे आकडे आणि चादरीचा रंग लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नवे सभासद येतील, तेव्हा हे काम कदाचित दुसऱ्या कुणाकडे असेल.