मोबाईलवर आलेला छातीचा एक्स-रे: काय सांगता येतं, काय नाही

रात्री साडेनऊला वस्तीतल्या एका मुलाचा मेसेज आला. "जय भीम ताई. आईचा एक्स-रे काढलाय. डाव्या बाजूला वर पांढरा डाग आहे. टीबी आहे का?" सोबत फोटो. आई पंचेचाळीसची, चार घरची धुणीभांडी करते. तीन आठवड्यांपासून खोकला.

असे फोटो मला नेहमी येतात. त्या फोटोवरून मी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, ते लिहिते.

आधी मी डाग पाहत नाही. फिल्मवरचं नाव आणि तारीख पाहते, कारण घरात दोन-तीन जणांच्या फिल्म एकाच पिशवीत असतात. मग कोपऱ्यातलं L किंवा R अक्षर. फिल्म पाहताना माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मुलगा ज्याला डावी बाजू म्हणत होता, ती आईची उजवी बाजू होती. अक्षर उलटं दिसलं, तर फिल्मच उलटी धरली आहे असं समजावं.

फोटोत ट्यूबलाईटची चमक होती आणि फुप्फुसाचा खालचा कोपरा कापला गेला होता. कडेला साठलेलं पाणी नेमकं त्या कोपऱ्यात दिसतं. बाजरीच्या दाण्याएवढे बारीक ठिपके तर मोबाईलच्या फोटोत पुसलेच जातात. म्हणून "फोटोत काही दिसत नाही" याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. "नॉर्मल आहे, घाबरू नका" हे वाक्य मी फोटोवरून कधीच बोलत नाही.

डाग मात्र स्पष्ट होता. मी लिहिलं, "उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट सावली आहे. ती तशीच सोडायची नाही. टीबी आहे की नाही, हे यावरून मला सांगता येणार नाही आणि डॉक्टरांनाही नुसत्या फिल्मवरून नक्की सांगता येत नाही."

का येत नाही? एक्स-रेत हवा काळी दिसते, म्हणून फुप्फुस काळं. हवेच्या जागी दुसरं काही आलं की तिथे पांढरं दिसतं. ते न्यूमोनियाचं असेल, चालू टीबीचं असेल, गाठ असेल, नाहीतर बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण असेल. जागा आणि आकार पाहून डॉक्टर अंदाज बांधतात, पण जंतू एक्स-रेत दिसत नाहीत. ते बेडक्याच्या तपासणीत सापडतात.

मग मी विचारलं, "आईला आधी कधी टीबी झाला होता का? जुनी फिल्म आहे का?" आठ वर्षांपूर्वी तिने सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. उपचार संपतानाची फिल्म पेटीत तळाशी सापडली. दुसऱ्या दिवशी आई दोन्ही फिल्म आणि रिपोर्टचा कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथे बेडक्याचे दोन नमुने घेतले, एक लगेच आणि एक सकाळी उठल्यावरचा. नमुना म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, खोलवरून खोकून काढलेला बेडका. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म प्रकाशाच्या पेटीवर शेजारी लावल्या. डाग त्याच जागी, तेवढाच. बेडक्यात जंतू नव्हते. डाग जुना व्रण ठरला आणि खोकला दम्याचा निघाला. मी रात्रीच "टीबी आहे" म्हटलं असतं, तर सकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली असती आणि तिची दोन कामं सुटली असती. "जुनाच डाग आहे" म्हटलं असतं, तर बेडका तपासायचा राहिला असता. जुन्या व्रणाच्या जागी टीबी पुन्हा उठू शकतो.

उलटही घडतं. एक्स-रे साफ असतो आणि टीबी मानेच्या गाठीत किंवा मणक्यात असतो. छातीच्या फिल्मला तो दिसत नाही.

फोटो पाठवायचाच असेल, तर फिल्म खिडकीच्या उजेडासमोर सरळ धरा, फ्लॅश बंद ठेवा, चारही कोपरे येऊ द्या. सोबत रिपोर्टचा फोटो, खोकला किती दिवसांचा आणि आधी कोणता आजार होता, हे लिहा. एकाच माणसाला पाठवा, ग्रुपवर टाकू नका. फिल्मवर पेशंटचं नाव असतं.

खोकल्यातून रक्त पडत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत अचानक जोराची कळ येऊन दम कोंडत असेल, तर फोटो काढत बसू नका. रिक्षा बोलवा आणि माणसाला दवाखान्यात न्या.