चकवा हवा, फसवणूक नको

समजा, 1985 सालची कथा आहे. धुळ्यात खून होतो. रावेरहून केळीची कापणी करून आलेल्या मजुराच्या सदऱ्यावर काळपट डाग दिसतात. केळीचा चीक कपड्यावर वाळला की तसाच दिसतो आणि धुऊनही जात नाही. शेजारीण ‘रक्त!’ म्हणून ओरडली तर चालेल, कारण पात्राची चूक होऊ शकते. निवेदकाने मात्र ‘डाग’ एवढंच लिहावं. त्याने ‘रक्ताचे डाग’ लिहिलं की ती लबाडी झाली.

खरा दुवा याच गोंधळात पेरायचा. तिथेच उभा असलेला व्यापारी सांगतो, ‘जळगावहून सुरत पॅसेंजरने थेट धुळ्याला उतरलो.’ ती गाडी अमळनेरवरून जाते, धुळ्याला येतच नाही. धुळ्याचा फाटा चाळीसगावहून निघतो, हे आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज येऊन गेलेलं असावं. नाहीतर खानदेशाबाहेरच्या वाचकावर अन्याय होतो.

शेवटी डागांचा उलगडाही हवाच. तो सोडून देणं मला आळशीपणा वाटतो. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हा नियम रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्येच घालून दिला होता.