साखर नॉर्मल, तरी बोट काळं का पडलं?

पायाचं बोट काळं पडलं की शुगरच असणार, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. रक्त तपासलं आणि साखर नॉर्मल निघाली की सगळे निर्धास्त होतात. पण वय पंचेचाळीसच्या आत आणि बिडी-तंबाखू भरपूर असेल, तर बर्जर आजाराची शंका घ्यायलाच हवी. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळी होते आणि वाट बंद पडते.

घनसावंगी तालुक्यातला तिशीतला ऊसतोड मजूर डोळ्यांसमोर आणा. रोज बिडीचं एक बंडल, वर चुना-तंबाखू. चालताना तळव्याच्या खोलगट भागात कळ येते, थांबलं की जाते. घरचे म्हणतात, वात आहे किंवा नस दबलीय. पुढे बसल्या जागीही पाय ठणकतो, रात्री झोप लागत नाही. पाय खाटेखाली सोडला की जरा बरं वाटतं, कारण रक्त उताराने खाली जातं. लोंबता पाय लालसर दिसतो म्हणून रक्त पुरतंय असं वाटतं. तोच पाय वर उचलला की पांढराफटक पडतो. बधिर पाय शेकल्याने भाजतो, आणि ती जखम भरत नाही.

तपासताना डॉक्टर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतात. ती लागत नाही, पण गुडघ्यामागची व जांघेतली लागते. मग डॉप्लर करतात. हातांच्या बोटांनाही हाच त्रास होतो, म्हणून मनगटाच्या नाड्याही पाहाव्या लागतात.

"ऑपरेशन करून नस मोकळी करा," असा आग्रह असतो. पण बायपास जोडायला पुढे मोकळी रक्तवाहिनी लागते. इथे पुढचीच बंद असते. त्यामुळे बायपास क्वचितच जमतो, आणि औषधांनी दुखणं कमी झालं तरी तंबाखू चालू असेपर्यंत आजार थांबत नाही.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे "आता दोनच ओढतो" किंवा "बिडी सोडली, आता फक्त मिसरी". दिवसाला एक-दोन बिड्याही आजार जागा ठेवतात, आणि न जळणारी तंबाखूही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० मध्ये मांडलेल्या आकड्यांत तंबाखू पूर्ण सोडलेल्यांपैकी ९४ टक्के जणांचा अवयव कापावा लागला नाही. चालू ठेवणाऱ्यांत ४३ टक्क्यांना कापावा लागला. काळं पडलेलं बोट मात्र सोडल्यानंतरही परत येत नाही, म्हणून कळ सुरू झाली त्याच आठवड्यात सोडणं महत्त्वाचं. सोडताना निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या स्वतःहून घेऊ नका, या आजारात निकोटिनही टाळतात. मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. पण जखम, काळेपणा किंवा रात्रीची कळ असेल तर फोनवर न थांबता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.