नऊ चौकटी, एक खरीप

मेहकर-रिसोड पट्ट्यातल्या एका गावात माझा भाचा कृषी सेवा केंद्र काढायचं म्हणत होता, तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पोरगा कृषी पदवीधर, त्यामुळे परवान्याच्या पात्रतेची अडचण नव्हती. रस्त्यावरचा गाळा घरचाच होता. मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली. दुकानं का बंद पडतात याची कारणं फायलींमधून डोळ्यांखालून गेली होती. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी आम्ही एक मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावर बिझनेस मॉडेल कॅनव्हास मांडला. या दिवाळीला त्या कागदाला वर्ष झालं. त्या वर्षभरात त्यातलं काय टिकलं आणि काय खोडलं गेलं, ते सांगतो.

अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर आणि इव्ह पिन्यूर यांच्या २०१० सालच्या पुस्तकामुळे हा कॅनव्हास जगभर पोचला. एकाच पानावर नऊ चौकटी असतात: ग्राहक कोण, त्याला आपल्याकडून काय मिळणार, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, नातं कसं टिकवायचं, पैसा कुठून येणार, साधनं, कामं, भागीदार आणि खर्च. भाच्याने संध्याकाळभरात सगळ्या चौकटी भरल्या. ‘गावातले सगळे शेतकरी’, ‘तालुक्याला जायची खेप वाचेल’, ‘योग्य सल्ला’, ‘खताची विक्री कायम’. वाचायला सगळं बरोबर वाटत होतं. बहुतेक ठिकाणी कॅनव्हास इथेच संपतो आणि बँकेच्या प्रकल्प अहवालाला जोडला जातो.

आम्ही प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. हे खोटं निघालं तर दुकान बुडेल का? आणि हे खरं आहे हे आपल्याला आज कशावरून माहीत आहे? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘असं वाटतं’, अशा चिठ्ठ्या वर लावल्या. तीनच उरल्या. गावातला शेतकरी तालुक्याचं दुकान सोडून आपल्याकडे येईल, खतावर दुकान चालेल, आणि उधारी सोयाबीन निघालं की वसूल होईल.

पहिली चिठ्ठी तपासताना भाच्याने आधी सरळ विचारून पाहिलं. ‘दुकान टाकलं तर घ्याल का?’ सगळ्यांचं उत्तर एकच, ‘घेईन ना भाऊ, आपलंच गाव हाय.’ या उत्तराला काही किंमत नसते. तोंडावर नाही कोण म्हणेल? मग प्रश्न बदलला आणि पुढचं काही विचारायचंच नाही असं ठरवलं. गेल्या खरिपाची बिलं दाखवा, माल कोणी आणला, पैसे कधी दिले, एवढंच विचारायचं. बिलं फडताळातून, देव्हाऱ्यामागून, पिशव्यांतून निघाली. काहींकडे बिलच नव्हतं, दुकानदाराच्या वहीतल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता.

त्या कागदांतून जे दिसलं ते चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. दहा-पंधरा एकरवाले शेतकरी तालुक्याला जायचे ते माल स्वस्त म्हणून नाही. तिथे त्यांचं खातं होतं. जूनमध्ये माल उचलायचा, सोयाबीन विकलं की फेडायचं. काहींचा अडत्याच दुकानदाराचा भाऊबंद होता, म्हणजे वसुली धान्याच्या पट्टीतूनच व्हायची. या माणसाला आपल्याकडे आणायचं तर तालुक्याच्या दुकानदाराहून मोठी उधारी द्यावी लागणार होती. याउलट दोन-तीन एकरवाला माणूस रोखीने घेत होता. त्याच्याकडे पैसा होता म्हणून नव्हे, त्याला उधार कोणी देत नव्हतं म्हणून. मजुरीचे पैसे हातात आले की तो औषध आणायचा, तेही दोन-चार पंपांपुरतं. जायला-यायला ऑटोचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. ‘खेप वाचेल’ हे वाक्य ज्याच्यासाठी खरं होतं, तो हा माणूस. ‘सगळे शेतकरी’ खोडून तिथे ‘तीन एकरांच्या आतले, रोखीवाले’ असं लिहिलं. त्याबरोबर माल भरण्याची यादीही बदलली. कीटकनाशक सीलबंद मूळ पॅकिंगमध्येच विकावं लागतं, सुटं मोजून देणं बेकायदा आहे. म्हणून लिटरचे डबे कमी आणि शंभर मिलीच्या बाटल्या जास्त भरायचं ठरलं.

दुसरी चिठ्ठी खताची. युरियाचा भाव सरकार ठरवतं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकावी लागते. २०१८ पासून विक्रेत्यांना टनामागे ३५४ रुपये मार्जिन आहे, म्हणजे गोणीमागे सोळा रुपयांच्या आत. दहा टनांची गाडी आली तर २२२ गोण्या, आणि त्या सगळ्या विकून हातात साडेतीन हजार. त्यातूनच हमाली. गावापर्यंतचं भाडं पुरवठादाराने अंगावर टाकलं तर हा आकडा उरतच नाही, आणि ठरलेल्या भावावर पाच रुपये जास्त घेणं हा गुन्हा आहे. प्रत्येक गोणी पॉस मशीनवर आधारची पडताळणी करून द्यायची. पेरणीच्या गर्दीत नेटवर्क गेलं की रांग तशीच उभी.

कॅनव्हासच्या डावीकडच्या ‘भागीदार’ या चौकटीत आणखी एक गृहीत लपलेलं होतं, की कंपन्या आणि वितरक नव्या दुकानाला माल देतीलच. खताच्या आणि औषधाच्या परवान्यावर ज्या कंपनीचा माल विकायचा तिचं उगम प्रमाणपत्र चढवावं लागतं. ते मागायला भाचा गेला, तेव्हा एका वितरकाने युरियासोबत विद्राव्य खतं आणि टॉनिकच्या बाटल्याही उचलायची अट घातली. याला या धंद्यात लिंकिंग म्हणतात. त्याला मनाई आहे आणि ते सर्रास चालतं. ती टॉनिकं गरीब माणसाच्या माथी मारल्याशिवाय त्यांचे पैसे सुटणार नव्हते. आम्ही तो वितरक सोडला, दुसरा शोधला आणि युरिया ‘उत्पन्ना’तून काढून ‘ग्राहक येण्याचं निमित्त’ म्हणून लिहिला. हंगामात गाड्या कमी आल्या तरी चालतील, असा हिशेब बसवला.

तिसरी चिठ्ठी उधारीची. इथे कॅनव्हासची एक मोठी उणीव लक्षात आली. त्या कागदावर वेळ कुठेच नसते. पैसा येणार आणि पैसा जाणार हे शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं, पण बियाण्याचे पैसे कंपनीला एप्रिल-मेमध्ये आगाऊ जातात आणि शेतकऱ्याचे दिवाळीच्या आसपास येतात. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर महिना लिहिला आणि एका औषधाच्या बाटलीचा हिशेब मांडला. ८८० रुपयांना आलेली बाटली हजाराला विकली, तर १२० रुपये सुटतात. पाच महिने पैसे अडकले आणि महिना दीड टक्का व्याज धरलं, तर ६६ रुपये तिथेच गेले. आता वीस बाटल्या उधार दिल्या आणि एकाने पैसे बुडवले असं धरा. हाती आले एकोणीस हजार. खरेदी १७,६०० आणि व्याज १,३२०. वीस बाटल्यांमागे उरले ८० रुपये. वसुलीला जायचं पेट्रोलही त्यात येत नाही. हे गणित मी सांगून पटलं नसतं. भाच्याने ते स्वतः मांडलं आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने ‘नातं’ या चौकटीतली ‘उधार’ची चिठ्ठी स्वतःच काढली आणि नवी लावली: ‘रोख, नाहीतर पंधरा दिवस, तेही ओळखीच्या मजुरीवर’.

एक प्रश्न राहिला होता. उधारी नाही, मग माणूस यावा कशासाठी? ‘योग्य सल्ला’ ही चिठ्ठी तपासायची होती, पण परवाना हातात नसताना बियाणं-औषध विकून पाहता येत नाही. मग मे महिन्यात ज्याला परवाना लागत नाही असं काम सुरू केलं. घरच्या सोयाबीनची उगवण तपासून द्यायची, फुकट. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, असे शंभर दाणे मांडायचे, दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, वर शेतकऱ्याचं नाव. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी शेतकऱ्यासमोरच उलगडायची. कोंब चांगला आलेले दाणे त्यानेच मोजायचे. सत्तर आले तर एकरी ३० किलो पेरायचं. एका आजोबांचे चौसष्ट आले. भाच्याने त्यांना ३३ किलो सांगितलं. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, पोती आपटली की उगवण जाते, हेही त्यांना तिथेच कळलं. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, त्याची भीती लोकांच्या मनात अजून आहे. गुंडाळ्यांसाठी गाळ्यात जागा पुरेना.

या तपासणीचा निकाल आम्हाला हवा होता त्याच्या उलटा आला. माणसं आली, पण ज्यांचं बियाणं चांगलं निघालं त्यांना विकतची बॅग लागणारच नव्हती. सोयाबीन बियाण्याची विक्री हा उत्पन्नातला मोठा आकडा होता, तो निम्म्याहून खाली आणावा लागला. बियाणं आगाऊ पैसे देऊन भरलं असतं, तर जुलैत ते परत करण्यासाठी कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं असतं. घरचं बियाणं पेरणारे मात्र बीजप्रक्रियेचं विचारू लागले. आधी बुरशीनाशक चोळायचं, पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम लावायचं, हा क्रम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. त्या छोट्या पाकिटांत आणि बाटल्यांत सुटणारा पैसा युरियाच्या गोणीपेक्षा बरा होता आणि तो रोख होता. परवाना हातात आल्यावर जूनमध्ये पहिली विक्री त्याचीच झाली.

खरिपात एक प्रसंग असा आला की कोणत्या चौकटीत लिहावा ते कळेना. मृगाचा एक चांगला पाऊस पडला आणि पेरणीची घाई सुरू झाली. भाच्याने दुकानापुढे पर्जन्यमापक लावला होता, तो जेमतेम चाळीस मिलिमीटर दाखवत होता. कृषी विभागाचा सल्ला ७५ ते १०० मिलिमीटरचा असतो. त्याने फळ्यावर आकडा लिहिला आणि ‘थांबा’ म्हणून सांगितलं. आठवडाभर गल्ला रिकामा राहिला, तालुक्याच्या दुकानात गर्दी झाली. मग पावसाने खंड दिला आणि घाई केलेल्यांपैकी काहींना दुबार पेरणी करावी लागली. हे नशिबाने जुळलं असं म्हणता येईल. पाऊस लगेच आला असता तर तोच फळा अंगावर आला असता. पाऊस, भाव आणि सरकारी निर्णय यांना कॅनव्हासवर जागा नाही, ते कागदाच्या कडेला लिहावे लागतात आणि दर महिन्याला पुन्हा वाचावे लागतात.

दिवाळीला हिशेब केला. पंधरा दिवसांच्या उधारीतली बहुतेक रक्कम आली, पण पंधरा दिवसांत नव्हे, महिन्या-दीड महिन्यात. दोन घरांनी सोयाबीनला भाव नाही म्हणून तूर निघेपर्यंत मुदत मागितली. भाच्याने ती दिली. ती घरं अडचणीची आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि त्याने योग्यच केलं. मात्र पंधराच्या जागी त्याने चिठ्ठीवर पंचेचाळीस लिहिलं आणि त्यानुसार पुढच्या खरेदीचा आकडा कमी केला.

आता कागदावर वरच्या जागी एकच चिठ्ठी आहे: हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा रोखीने खपेल. ट्रायकोडर्मा जिवंत असतो, उन्हात ठेवला किंवा फार दिवस पडून राहिला तर कामाचा उरत नाही. म्हणून आधी नोंदणी, पन्नास रुपये आगाऊ, आणि नोंदणी झाली तेवढाच माल मागवायचा. पन्नास रुपये कोण काढतं, तेवढंच मोजायचं. ‘घेईन ना भाऊ’ यावेळी वहीत लिहून घेत नाही.